परदेशातली चिल्लर

दुबईहून माणूस परतला की खजूर आठवडाभरात संपतात, चॉकलेटं त्याच्याही आधी. चिल्लर मात्र संपत नाही. आमच्या मामेभावाच्या शोकेसमध्ये स्टीलच्या वाटीत ती पडून होती: कॉफीची नक्षीदार सुरई कोरलेली एक-एक दिरहॅमची सात नाणी, आणि त्यांच्याखाली दुमडलेल्या दोन नोटा, एक 20 ची आणि एक 5 ची. दिरहॅम साधारण 24 रुपयांचा धरला तर सगळा ऐवज पावणेआठशेच्या घरात जातो. एवढे पैसे वाटीत कशाला सडवायचे, म्हणून आम्ही दोघं संभाजीनगरातल्या एका मनी चेंजरकडे गेलो.

काउंटरवरच्या पोरानं नोटा उजेडात धरून पाहिल्या आणि ठेवून घेतल्या. नाणी मात्र एका बोटानं आमच्याकडे सरकवली. "काका, ही आमच्याकडून पुढं कोण घ्यायलंय?"

राग आला खरा, पण त्याचं गणित बरोबर होतं. चेंजर घेतलेली नोट स्वतःजवळ ठेवत नाही. दुबईला निघालेल्या गिऱ्हाइकाला विकतो किंवा मोठ्या चेंजरकडे देतो. तिथून ती मुंबईला जाते आणि तिथल्या गठ्ठ्यातून परत परदेशी. नोटांना वजन नसतं, त्या यंत्रावर मोजता येतात. नाणी जड, मोजायला कटकटीची, आणि परत पाठवायचा खर्च त्यांच्या किमतीला गिळून टाकणारा. इथून जाणारं गिऱ्हाईकही "शंभराच्या नोटा द्या" म्हणतं, खिशात खुळखुळ मागत नाही. मग ज्याला पुढं गिऱ्हाईकच नाही तो माल त्यानं का घ्यावा?

यात युरोवाल्यांची सगळ्यात पंचाईत. तिथं सर्वात लहान नोटच 5 युरोची, त्याखालचं सगळं नाण्यात. म्हणजे 2 युरोचं एक नाणं दोनशे रुपयांच्या आसपासचं, आणि तेही कुणी घेत नाही.

आमच्या नोटांना भाव मिळाला साडेबावीस. घेण्याचा भाव विकण्याच्या भावापेक्षा कमीच असतो, धंदाच तो. पण पावतीवर खाली जीएसटीचे 45 रुपये पाहून भाऊ चमकला. चलन बदलण्याच्या सेवेचं मूल्य बहुतेक ठिकाणी रकमेच्या 1 टक्का धरतात, मात्र कमीत कमी 250 रुपये, आणि त्यावर 18 टक्के कर. म्हणजे पाचशे रुपयांचं चलन बदला नाहीतर वीस हजारांचं, कर तेवढाच. आम्हाला 25 दिरहॅमचे 562 रुपये होत होते, हातात आले 517. नुसती पाचाची नोट घेऊन गेलो असतो तर 112 मधून 45 गेले असते. म्हणून मोठ्या नोटा आज आणि बारक्या नंतर, असं करू नये. जे आहे ते एकाच पावतीत बसवावं. नाहीतर बारकी नोट बदलायच्या फंदातच पडू नये.

कुणी घाबरवतं की परदेशी पैसा घरात ठेवणं गुन्हा आहे. तसं नाही. परतल्यावर 180 दिवसांत जादा नोटा जमा करायच्या, पण 2,000 डॉलरपर्यंतच्या ठेवता येतात, आणि नाण्यांवर तर रिझर्व्ह बँकेची मर्यादाच नाही. वाटी बिनधास्त भरू द्या.

खरा उपाय विमानात बसायच्या आधीचा. शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल किंवा विमानतळावरचं दुकान गाठायचं, होती तेवढी नाणी काउंटरवर ओतायची आणि "उरलेलं कार्डवर घ्या" म्हणायचं. बहुतेक ठिकाणी मागं कुणी घाईत उभं नसलं तर ते मोजून घेतात. काही विमान कंपन्यांत उरलेली चिल्लर दान करायला युनिसेफच्या 'चेंज फॉर गुड'चं पाकीट मिळतं, 1987 पासून चालू आहे. त्यात टाकलं तरी चालतं.

घरी येऊन बसलेल्या नाण्याला मात्र त्याच देशाला जाणारा माणूसच शोधावा लागतो. आपल्याकडं तो सापडतोही पटकन. परभणी-बीडकडून उमराहला जाणारे आहेत, आखातात कामाला असलेली पोरं आहेत. वेरूळ-अजिंठ्याचे विक्रेते हाच व्यवहार उलट्या बाजूनं करतात. युरोपच्या पाहुण्यानं टीप म्हणून दिलेलं 2 युरोचं नाणं जपून ठेवायचं, आणि पुढच्या बसमधल्या जर्मनाला "चेंज?" म्हणून दाखवायचं. तो नोट देतो, नाणं घेतो. त्याला ते उद्या घरी चालतंच, विक्रेत्याच्या हातात संभाजीनगरात खपणारी नोट येते.

फक्त फार दिवस दाबून ठेवू नये. ब्रिटननं जुना गोल पाउंड 2017 मध्ये आणि कागदी 20 व 50 च्या नोटा 2022 मध्ये दुकानांतून बाद केल्या. नोटा बँक ऑफ इंग्लंड अजून बदलून देते, पण गल्लीतला जाणारा माणूस त्या घेणार नाही. भावाची सात नाणी आम्ही शेजारच्या पोराला देऊन टाकली, तो शारजाला नोकरीला निघाला होता. पैसे घेतले नाहीत. विमानतळावर उतरल्यावर पहिल्या चहापुरती तरी झाली असतील.