रात्री मेसेज नाही, मग अर्जंट आलं तर?

"तुमच्या टीममध्ये संध्याकाळी साडेसहानंतर कुणी कुणाला मेसेज टाकत नाही म्हणे. मग रात्री खरंच काही पेटलं तर करता काय? आणि मॅनेजर म्हणून तुम्हाला जमतं कसं?"

आधी माझंच सांगते, कारण हा नियम माझ्यामुळेच आला. आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, टीम चौदा जणांची, निम्मे पुण्यात, बाकीचे नाशिक, कोल्हापूर असे घरून, आणि एक जण मेलबर्नला. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री अकरा वाजता मला काहीतरी आठवलं आणि मी कोल्हापूरच्या मुलाला टाकलं, "त्या राऊंडिंगचं उद्या बघू, डोक्यात होतं म्हणून टाकलं फक्त". मी झोपले. सकाळी बघते तर त्याने ते रात्रीच करून टाकलेलं, कोडची वेळ 1:47, आणि अर्धवट झोपेत केल्यामुळे पैशांची बेरीज दुसरीकडेच चुकायला लागलेली. मी म्हटलं अरे मी "उद्या" लिहिलं होतं की. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही रात्री अकराला आठवण काढली म्हणजे महत्त्वाचंच असणार ना."

यात त्याची चूक काहीच नव्हती. वरच्या माणसाच्या मेसेजमध्ये काय लिहिलंय ते खालचा माणूस नंतर वाचतो, आधी वेळ वाचतो.

त्याच सुमारास, 26 ऑगस्ट 2024 ला, ऑस्ट्रेलियात राईट टू डिस्कनेक्ट लागू झाला (पंधरापेक्षा कमी माणसं असतील तिथे वर्षभराने) आणि आमच्या मेलबर्नवाल्याच्या एचआरकडून पत्र आलं. मला वाटलेलं तिकडे कामाच्या वेळेबाहेर मेसेज करायला बंदी आली असेल. तसं नाहीये. पाठवणारा पाठवू शकतो, पण समोरच्याने बघितला नाही, उत्तर दिलं नाही तर त्याला काही बोलता येत नाही, फक्त त्याचं नाही म्हणणं अवाजवी नसावं. आणि अवाजवी कधी, तर त्यात संपर्काचं कारण काय होतं, त्रास किती झाला, त्या वेळेचे पैसे मिळतात का, हुद्दा काय, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, हे सगळं बघतात. पोर्तुगालने 2022 पासून उलट केलंय, तिथे जबाबदारी मालकावर, म्हणजे विश्रांतीच्या वेळेत मालकानेच संपर्क करायचा नाही, अगदी अपरिहार्य कारण असेल तरच. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये आणि परत डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण कायदा झालेला नाही, त्यामुळे आमचं जे काही आहे ते आमचं आम्ही ठरवलेलं.

आम्ही पोर्तुगालची बाजू घेतली. कारण ऑस्ट्रेलियासारखं "तुला नको असेल तर नको देऊस उत्तर" असं म्हटलं की आपल्याकडे कोण नाही म्हणणारे? अप्रेझल मार्चमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे ओझं पाठवणाऱ्यावर.

आता अर्जंटचं. आमच्याकडे "अर्जंट" हा शब्दच बंद आहे, कारण तो सगळेच लिहितात. अर्जंट आहे का नाही हे शब्दावरून नाही, रस्त्यावरून ठरतं. लेखी आलं, मग ते टीम्स असो, मेल असो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप, ते सकाळचं. फोन आला तर आत्ताचं. बस्स. आणि फोन दोनदा करायचा, लागोपाठ. याला कारण आहे, लोक रात्री फोन डू नॉट डिस्टर्बवर ठेवतात, आणि आयफोनवर तीन मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो आत सोडायची सोय आहे, अँड्रॉइडवर हेच पंधरा मिनिटांचं आहे. ते सेटिंग सगळ्यांनी चालू ठेवलंय. त्यामुळे कुणालाही झोपताना "काही आलं तर कळेल ना" म्हणून स्क्रीन तपासत बसावं लागत नाही, जे खरं दुखणं होतं. टीम्समध्ये मेसेजला `Urgent` लावलं की समोरच्याला दर दोन मिनिटांनी वीस मिनिटं नोटिफिकेशन जातं, ते आम्ही संध्याकाळनंतर वापरायचंच नाही असं ठरवलं, फोन करायची लाज वाटते म्हणून लोक ते वापरतात असं माझं मत आहे.

फोनची लाज वाटणं मात्र चांगलं. एखाद्याला रात्री दहाला उठवायचं म्हणजे माणूस दोनदा विचार करतो, मेसेज टाकताना कुणी विचार करत नाही.

आणि फोनसुद्धा वाटेल त्याला नाही. आठवड्याला एकच जण ऑन-कॉल, त्याला त्या आठवड्याचे तीन हजार वेगळे, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी बारानंतर हजेरी आणि ते तास भरून काढायचे नाहीत. बाकी तेराजण बंद. दुसऱ्या कुणाला उठवायचं का हे तोच ठरवतो. त्याच्यासाठी दोन प्रश्न आहेत: सकाळी साडेनऊपर्यंत थांबलं तर कुणाचं काय अडतं, ते एका वाक्यात सांगता येतंय का, आणि ज्याला उठवणार तो आत्ता त्यात खरंच काही करू शकतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

मागच्या वर्षीचा एक किस्सा सांगते म्हणजे कळेल. रात्री 9:50 ला भिवंडीच्या गोडाऊनमधून सपोर्टच्या नंबरवर फोन, सहा ट्रक भरून उभे, ई-वे बिलच निघत नाहीये, आणि ते असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी गेटबाहेर काढायला तयार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं, ट्रक अडलेत. आता दुसरा. आमच्या ऑन-कॉलवाल्या मुलीने काय केलं, आधी त्या गोडाऊनवाल्यालाच सांगितलं की आमचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवा, सरकारी ई-वे बिल पोर्टल ब्राउझरमध्ये उघडा आणि हाताने एक बिल काढून बघा. निघालं. म्हणजे पोर्टल जिवंत आहे, खोट आमच्यात आहे. हे उलटं झालं असतं, पोर्टलच झोपलं असतं, तर आमच्या कुठल्याही डेव्हलपरला उठवून उपयोग शून्य, गिऱ्हाईकाला तसं सांगायचं, पोर्टल उठेपर्यंत वाट बघायची, संपलं. पूर्वी अशा वेळी आम्ही चार जणांना उठवायचो आणि पाची जण मिळून बंद पोर्टलकडे बघत बसायचो.

मग तिने लॉग बघितला. त्या पोर्टलशी बोलायला आमच्या सिस्टिमला एक टोकन मिळतं, ते सहा तास चालतं, मग नवीन घ्यावं लागतं. दुपारी साडेतीनला आम्ही नवीन व्हर्जन चढवलेलं, ते नवीन टोकन मागायला विसरत होतं, म्हणून साडेनऊपर्यंत सगळं गोड आणि मग धडाधड एरर. जुन्या व्हर्जनवर कसं यायचं ते एका पानावर लिहून ठेवलेलं होतं, ते बघून तिने 10:20 ला मागे घेतलं, अडकलेली बिलं परत पाठवली, पावणेअकरापर्यंत शेवटचा ट्रक निघाला. ज्याने ते व्हर्जन लिहिलं तो नाशिकला ढाराढूर, त्याला सकाळी कळलं.

हे जे एक पान आहे ना, ते या नियमामुळेच जन्माला आलं. आधी लिहायची गरजच वाटायची नाही, कारण "विचार की त्याला" हा उपाय रात्री बारालाही चालू होता.

त्याच रात्री, गंमत बघा, दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचा मेल, सब्जेक्टमध्ये तीनदा अर्जंट, उद्गारचिन्हांची रांग. रिपोर्टवर जुना लोगो येत होता. सकाळी दहाला बदलला. कुणी काही बोललं नाही.

सगळं लगेच सरळ झालं असं नाही हं. पहिल्या महिन्यात मी आणि दुसरा लीड इमानदारीत सगळे मेसेज शेड्यूल करायला लागलो, सकाळी 9:30 चे. परिणाम काय, साडेनऊला प्रत्येकाचा फोन मिनिटभर टुणटुणत राहायचा, एकीने मोजले, तेवीस. म्हणजे रात्रीचा त्रास आम्ही गठ्ठा बांधून सकाळी पोचवत होतो. आता रात्री सुचलेलं मी माझ्या वहीत लिहिते आणि सकाळी चहानंतर त्यातलं निम्मं खोडते, उरलेलं एकच मेसेज. खरं सांगायचं तर रात्रीच्या कल्पना सकाळी बऱ्याच फुसक्या निघतात.

दुसरं म्हणजे चोरवाट. टीम्सवर शांतता आणि "पिकनिक 2023" नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामाच्या गप्पा. हे मला कळलं ते असं की सकाळच्या मीटिंगमध्ये लोकांना अशा गोष्टी माहीत असायच्या ज्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. ग्रुप बंद नाही केला, पिकनिकचे फोटो आहेत त्यात, पण नियमात "कामाचं कुठेही" असं घातलं. आणि मॅनेजरांसाठी एक कडक ओळ: रात्री कुणी काही पाठवलंच तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही, अंगठासुद्धा नाही. रात्री 11 ला साहेबांचा अंगठा आला की पाठवणाऱ्याला शाबासकी मिळते, आणि बाकीचे बघतात.

ज्यांना रात्रीच काम जमतं त्यांना अडवत नाही. आमच्यातली एक जण चार ते आठ मुलांसाठी सुट्टी घेते आणि मग नऊ ते अकरा बसते, तिची वेळ कॅलेंडरवर लिहिलेली आहे, फक्त तिचे मेसेज सकाळी जातात. मेलबर्नवाला आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यांचं घड्याळ ऑक्टोबरात बदललं की साडेपाच, म्हणजे त्याचे संध्याकाळचे साडेसहा आपल्याकडे दुपारी दोन किंवा एकलाच वाजतात. त्याच्याशी जे बोलायचं ते जेवायच्या आत, हे अंगवळणी पडायला मलाच तीन महिने लागले.

वरचे चालवून घेतात का? माझे साहेब अजूनही मला रात्री टाकतात, मी बघतही असेन, पण ते सकाळपर्यंत माझ्याखाली जात नाही, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलंय आणि ते "बरं बरं" म्हणालेत. जे नाही जमलं ते अमेरिकेच्या गिऱ्हाईकाचं, मंगळवारी रात्री नऊचा कॉल आहेच. तो आम्ही सरळ कामाच्या वेळेत धरला, तो कॉल घेणाऱ्या दोघांचा मंगळवार दुपारी एकला सुरू होतो. सकाळी त्यांना कुणी शोधत आलं तर कॅलेंडर दाखवायचं.