एकशे ऐंशी रुपये कुठे गेले?

कुपवाड एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. आप्पांनी सुरू केलेला, 2022 पासून मी चालवते. आमचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे एक खाद्यपदार्थांची कंपनी. जानेवारी 2024 मध्ये त्यांच्याकडून डिसेंबरच्या बिलाचे पैसे आले आणि आमच्या हिशेबनीसकाकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ताई, बिल तीन लाख सत्त्याहत्तर हजार सहाशेचं. आलेत एकशे ऐंशी कमी. रेटमध्ये काही सोडलंत का?"

मी काही सोडलं नव्हतं. कंपनीच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसवर बारीक अक्षरात 194Q लिहिलेलं होतं, तेवढाच धागा हातात.

आमच्या सीएंनी फोनवर समजावलं. 194Q हे आयकराचं कलम, 1 जुलै 2021 पासूनच्या टीडीएसचं. ज्या खरेदीदाराची आदल्या वर्षीची उलाढाल 10 कोटींच्या वर आहे, त्याने एकाच विक्रेत्याकडून वर्षात 50 लाखांहून जास्त माल घेतला, तर 50 लाखांच्या वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापायचा. आमची स्वतःची उलाढाल 10 कोटींच्या जवळपासही नसल्याने आपणही कुणाचा कापायचा का, हा प्रश्न नव्हता.

मग मी वही काढली. नोव्हेंबरअखेर या कंपनीला जीएसटी सोडून 48,60,000 रुपयांचा माल गेला होता. डिसेंबरचं बिल 3,20,000 चं, त्यावर 18 टक्के जीएसटी 57,600. म्हणजे बिल 3,77,600 चं असलं तरी मोजायचे 3,20,000 च, कारण जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल आणि कापणी बिल जमा करतानाच होत असेल तर तो धरत नाहीत. 48,60,000 आणि 3,20,000 मिळून 51,80,000. वरचे 1,80,000, त्याचे 0.1 टक्का म्हणजे बरोब्बर 180. काकांचा चेहरा उजळला. आगाऊ रक्कम घेतली असती तर मात्र पूर्ण रकमेवर कापलं असतं, कारण तेव्हा त्यात जीएसटी किती हे वेगळं काढता येत नाही.

जानेवारीच्या 4,10,000 च्या बिलावर 410 आणि फेब्रुवारीच्या 3,90,000 वर 390 कापले गेले. मार्चचं बिल 4,40,000 चं. काकांनी टॅलीत 440 रुपये "टीडीएस येणे" म्हणून आधीच लावून टाकले आणि वर्षाचा आकडा 1,420 करून ठेवला. या घाईबद्दल पुढे.

जूनमध्ये रिटर्नची तयारी करताना मी आयकर पोर्टलवरून माझा 26AS, म्हणजे माझ्या पॅनवर कुणी किती कर भरला त्याचा तक्ता, उघडला. 194Q ची एकही ओळ नाही. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं 26Q, म्हणजे कापणाऱ्याचं टीडीएस विवरणपत्र, भरायची मुदत 31 मे असते, त्यामुळे नोंदी यायला हव्या होत्या. आठवडाभर थांबले. मग सीएंनी विचारलं, "आप्पांचा बघितलात का?"

आप्पांचा उघडला तर तिथे सगळं व्यवस्थित बसलेलं. कंपनीचं नाव, तिचा टॅन, कलम 194Q, तीन ओळी मिळून रक्कम 9,80,000 आणि कर 980. स्टेटस F, म्हणजे कर भरलेला आणि जुळलेला. फक्त माणूस चुकीचा. आप्पांच्या काळातला व्हेंडर कोड कंपनीने तसाच चालू ठेवला होता आणि त्यात पॅन त्यांचाच होता.

980 रुपयांसाठी एवढी धावपळ कशाला, असं मलाही वाटलं. पण धास्ती त्या 9,80,000 ची होती. आप्पा आता निवृत्त, त्यांच्या रिटर्नमध्ये फक्त बँकेचं व्याज असतं. त्यांच्या नावावर पावणेदहा लाखांच्या मालविक्रीची नोंद उभी राहिली, तर उद्या पत्र त्यांना येणार. पॅनच नसता तर दर 5 टक्के लागला असता, 980 ऐवजी 49,000 कापले गेले असते आणि आम्ही जानेवारीतच ओरडलो असतो. चुकीचा पण चालू असलेला पॅन मात्र सगळीकडून गुपचूप पास होतो.

आप्पांच्या एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, "ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे" असा प्रतिसाद देता येतो, तो आम्ही दिला. पण त्याने क्रेडिट माझ्याकडे सरकत नाही. ते काम कापणाऱ्यानेच करायचं असतं, आपलं 26Q दुरुस्त करून.

कंपनीच्या अकाउंट्स विभागातून उत्तर आलं, "मॅडम, रिटर्न फाइल झालंय, आता काही करता येणार नाही." करता येतं, हे मला सीएंनी सांगितलेलं होतं. पण ते पटवायला उपयोगी पडला आमचा जीएसटी नंबर. त्याची पहिली दोन अक्षरं राज्याची, तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा म्हणजे पॅनच. कंपनीने नवीन जीएसटी नंबर 2022 मध्येच चढवला होता, शेजारच्या रकान्यातला पॅन तेवढा जुना राहिला होता. मी त्यांच्याच व्हेंडर नोंदीचा स्क्रीनशॉट मागवला, दोन्ही ओळींवर लाल रेघ मारली आणि तिन्ही बिलांच्या प्रती जोडून परत पाठवला. मग फोन आला तो वेगळ्या सुरातला. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च, अशा दोन्ही तिमाह्यांचं दुरुस्ती विवरणपत्र भरावं लागलं, कारण चूक दोन्हीकडे होती.

31 जुलैची मुदत जवळ येत होती. नोंद 26AS मध्ये दिसेपर्यंत ते क्रेडिट रिटर्नमध्ये मागू नका, असं सीएंनी बजावलं होतं; मागितलं आणि जुळलं नाही तर तेवढ्याची डिमांड निघते. 18 जुलैला तिन्ही ओळी माझ्या पॅनवर आल्या, आप्पांकडून गेल्या. कंपनीने टीडीएसचं नवीन प्रमाणपत्र, म्हणजे 16A, हेही पाठवलं.

त्या 16A वर 980 बघून काका पुन्हा अस्वस्थ. त्यांच्या वहीत 1,420. मार्चचे 440 कंपनीने गिळले, असा त्यांचा निष्कर्ष. मी बँकेचं स्टेटमेंट काढलं. मार्चच्या बिलाचे 5,19,200 मे महिन्यात पुरेपूर आले होते, एक रुपया कमी नाही. कापलंच नव्हतं, तर दाखवणार काय?

कारण बघितलं तर साधं होतं. माल आमच्याकडून 30 मार्चला, शनिवारी निघाला. रविवारी त्यांचं स्टोअर बंद, सोमवारी 1 एप्रिल. माल आत घेतल्याची नोंद आणि बिल जमा, दोन्ही नव्या वर्षात. आणि नव्या वर्षात 50 लाखांची मोजणी पुन्हा शून्यापासून. आमची विक्री मात्र मार्चमधलीच, आणि त्या वर्षाच्या उत्पन्नात मी ती धरलीही. म्हणून त्यांच्या पुस्तकातली खरेदी आणि आमची विक्री 4,40,000 ने जुळत नव्हती. लेजर जुळवणीच्या कागदावर हा फरक मी बिल नंबर आणि तारखेसकट लिहून त्यांच्याकडून सही घेतली.

काकांनी 440 ची नोंद उलटवली, थोडं तोंड वाकडं करून. आता ते टीडीएसचा आकडा बिल करताना लावत नाहीत, पैसे आले की लावतात.

रिटर्न 27 जुलैला भरलं. आप्पांनी त्या संध्याकाळी स्वतःचा 26AS उघडायला लावला आणि बँकेच्या व्याजाची एकच ओळ दिसल्यावर म्हणाले, "बरं झालं. नाहीतर या वयात मला पुन्हा कारखाना चालवायला लागला असता."