पेल्यातलं पाणी

कुडाळ, रविवार रात्र

जेवताना सईने विचारलं, "आजोबानू, तुमका सगळ्यात जास्त काय आवडला?" मी घास गिळला आणि म्हटलं, "विमान." सूनबाई हसली. संदीप हसला नाही. त्याने भाताला दोन-तीनदा बोटं लावली आणि उठून हात धुवायला गेला. नंतर पडवीत फोन घेऊन बसला तो अजून बसलाच आहे.

तेव्हापासून पोटात काहीतरी अडकल्यासारखं झालंय. पाच दिवस जयपूर. हॉटेल, गाडी, आमेरचा किल्ला चढताना माझ्यासाठी वेगळी जीप. दर संध्याकाळी तो विचारायचा, बाबानू पाय दुखत नाहीत ना. आणि मी काय सांगितलं, तर विमान. म्हणजे गोव्यातलं मोपा ते मुंबई, जेमतेम तासाभराचं उडणं. बाकीचे पाच दिवस जणू झालेच नाहीत. या वयात जीभ आवरत नाही हेच खरं. दुसरा कोणी म्हातारा असता तर "सगळंच छान होतं रे" म्हणून मोकळा झाला असता. मला तेवढंसुद्धा सुचलं नाही.

पण खोटं काय बोललो?

सकाळची वेळ होती, आकाश धुतल्यासारखं. मला डाव्या बाजूची खिडकी, मध्ये संदीप, पलीकडे सई. धावपट्टीवर गाडी पळायला लागली तेव्हा पाठ सीटला चिकटली, तेवढं मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं. जमीन सुटल्यावर मिनिटभराच्या आतच इंजिनाचा आवाज एकदम उतरला. माझा उजवा पाय खाली दाबला गेला, पुढच्या सीटच्या पायावर आपटला. एकतीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेल्या माणसाला चढावर इंजिनाचा आवाज पडला की छातीत धस्स होतं. मी संदीपचा हात धरला. थोड्या वेळाने बाजूने जाणाऱ्या विमानातल्या मुलीला कळलं असावं, ती वाकून म्हणाली, "काही नाही काका, उडताना लागते तेवढी ताकद आता लागत नाही, म्हणून कमी केली." तेव्हा कळलं. पट्टीवरून उचलायला जोर जास्त, नंतर चढत राहायला तेवढा नको. आपणही घाटी चढून सपाटीला लागलो की पाय सैल करतोच. ती बाई पुढे गेली तरी मी बराच वेळ आवाजच ऐकत होतो. एकसारखा होता. चांगलं इंजिन होतं.

मग ते पाणी.

कागदी पेल्यातून पाणी दिलं, समोरच्या फळीवर ठेवलं. तेवढ्यात विमान वळायला लागलं. पंख खाली गेला, इतका की माझ्या खिडकीतून सगळी जमीनच दिसायला लागली, झाडं, एक पांढरं देऊळ, लाल रस्ता. मी पेला पकडायला हात पुढे केला, आता सांडणार म्हणून. पाणी हललं नाही. पेल्यात जसं होतं तसं, काठाला समांतर. बाहेर जग तिरकं झालेलं आणि पेल्यात पाणी सरळ. मी हात तसाच धरून बसलो.

हे कोणाला सांगायचं? कशेडीच्या वळणावर गाडी घातली की सगळी माणसं बाहेरच्या बाजूला कलंडतात. झोपलेल्याचं डोकं खिडकीवर आपटतं, वरच्या फळीवरचं बोचकं सरकतं, मागून एखादी आजी ओरडते, "सावकाश रे बाबा." रस्ता करणारे वळणाला बाहेरची कड थोडी उंच ठेवतात ती याचसाठी. पण ती उंची एका ठरावीक वेगाला बरोबर बसते. त्याहून जोरात गेलास की माणसं बाहेर, रेंगाळलास की आत. ड्रायव्हरने एवढंच करायचं की वळण येण्याआधी वेग नेमका पकडायचा. मी एकतीस वर्षं तो वेग शोधत होतो, दर वळणाला, आणि तरी माणसं कलंडायचीच. विमानाला रस्ताच नाही. जेवढं वळायचं तेवढंच ते स्वतः कलतं. वजन खाली ओढतं आणि वळण बाहेर ढकलतं, पण दोन्हींचा मिळून जोर नेमका पायाखालच्या फरशीवर येतो. म्हणून पाणी सांडत नाही. सायकलवाला वळताना आत झुकतो तसंच, पण इथे दीडशे-दोनशे माणसं एकदम झुकलेली आणि एकालाही पत्ता नाही. माझ्या गाडीतल्या माणसांना मला असं कधी नेता आलं नाही.

डोळ्यांत पाणी आलं होतं. संदीपला वाटलं कान दुखतायत. त्याने गोळी चघळायला दिली. मी घेतली.

थोडं वर गेल्यावर किनारा दिसला. संदीपने फोनमधला नकाशा उघडला. रेंज नसली तरी आपण कुठे आहोत ते निळ्या ठिपक्याने दाखवतो, आधी उतरवून ठेवला असेल तर. पण कर्ली नदी ओळखायला मला नकाशा लागला नाही. देवबागची ती जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी, आणि टोकाला दोघं मिळतात. दोन बोटांत मावेल एवढी. जरा पुढे मालवणसमोर पाण्यात सिंधुदुर्ग, तव्यावर राहिलेल्या करपलेल्या तुकड्याएवढा. मग एकामागून एक खाड्या. नद्या डोंगरातून वेड्यावाकड्या येतात आणि समुद्राजवळ आल्या की अंग पसरतात. पाणी आधी तांबूस, मग हिरवं, मग निळं.

या सगळ्या नद्या मी ओलांडल्यात. रातराणी घेऊन, इथून मुंबई, बारा तास, जास्तही. खारेपाटणला शुक, राजापूरला अर्जुना, संगमेश्वरला शास्त्री, चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री. पूल आला की मी कठडा बघायचो, समोरच्या गाडीचा दिवा बघायचो, टायरखालचा सांधा खटकला की पूल सुरू आणि पुन्हा खटकला की संपला. नदी माझ्यासाठी दोन खटक्यांमधली काळोखी जागा होती. तिला पुढे तोंड आहे, ती कुठे जाते, हे नकाशात पाहिलं होतं, डोळ्यांनी नाही.

सावित्री दिसली तेव्हा ठिपका बघूनच खात्री केली. बाणकोटला केवढी रुंद होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा तो जुना पूल गेला आणि आपल्या दोन एसटी पाण्यात गेल्या, तेव्हा मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस मी

जाऊ दे. वरून ती शांत होती. उन्हात चकाकत होती. मी खिडकीला हात लावून नमस्कार केला, कोणाला दिसणार नाही असा.

लिहिता लिहिता एक लक्षात येतंय. विमान आवडलं म्हणजे उडणं आवडलं असं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रवास केला. लोक म्हणतील, तुझं सगळं आयुष्य प्रवासातच गेलं की. नाही. प्रवास मागे बसलेल्या पन्नासेक जणांचा व्हायचा. माझ्या वाट्याला समोरचे शंभर हात रस्ता आणि दोन आरसे. बाजूला बघितलं की गाडी बाजूला जाते, हे शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते इतकं पाळलं की रिटायर झाल्यावरही कोणाच्या गाडीत बसलो तरी समोरच बघतो. विमानात समोर बघायला काहीच नव्हतं, नुसती सीटची पाठ. बाजूलाच बघावं लागलं. आणि दीडशे जीव होते, पण त्यातला एकही माझ्या हातात नव्हता.

ही असती तर खिडकी तिला दिली असती. दिली असती का? माहीत नाही.

जयपूर वाईट नव्हतं. हवामहलापाशी वाटाड्या सांगत होता, ९५३ खिडक्या आहेत, राण्यांना रस्ता बघता यावा, पण रस्त्यावरून त्या दिसू नयेत म्हणून. बाकीचे मोजत होते. मी त्या बारीक जाळीतून बघणाऱ्या बायकांचा विचार करत होतो आणि मला माझी खिडकी आठवत होती. तेही संदीपला सांगायला हवं होतं. पण तिथे ऊन होतं, सईला कुल्फी हवी होती, राहून गेलं.

इथवर लिहिलं आणि उठून पडवीत गेलो. म्हटलं, जे आहे ते सांगून टाकावं, नाहीतर झोप यायची नाही. संदीप फोन बघत नव्हता, नुसता हातात होता.

म्हटलं, "जयपूरय आवडला रे माका."

"माहीत आसा," म्हणाला. "माका राग नाय इलो, बाबानू."

मग त्याला पेल्याचं सांगितलं. कशेडीचं सांगितलं. नद्यांचं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मध्ये एकदा फक्त, "पानी सांडूक नाय ता मियाय बघितलंय," एवढंच बोलला.

खूप वेळाने म्हणाला, "ती खिडकीची सीट मी मुद्दाम घेतललंय. येगळे पैशे भरून." आणि मग, "मी तिसरीत होतंय. मे महिन्यात तुमच्या गाडीतसून मुंबयक गेलंय, तुमच्या मागच्या सीटर. सकाळी मोर दिसलो. मी केवढ्यान वराडलंय, बाबानू बघा, बघा. तुमी मान वळवूक नाय."

मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. तसा मी वागलो असेनच, त्यात शंका नाही, पण तो मोर, ती सकाळ, काहीच नाही.

मी विचारलं, "खय दिसललो?"

"राजापूरच्या घाटयेत," तो म्हणाला. "डाव्या बाजूक."