13 मतांनी आले, आणि आभाराला उभी राहिले

रात्रीचे साडेअकरा झालेत, केसातला गुलाल दोनदा धुऊनही गेला नाही, उशीला लागलाय.

सकाळी तहसीलला ग्रामपंचायतीची मोजणी. आमच्या वॉर्डात 387 मतदान झालं होतं, मला 194, समोरच्या काकूंना 181, नोटाला 12. म्हणजे मी 13 ने आले आणि 12 जणांना आम्ही दोघीही नको होतो. हे कार्यकर्ते विसरले पण माझ्या डोक्यातनं काही जाईना.

मतदान गुप्त असतं म्हणे, पण एका बूथच्या वॉर्डात कसलं गुप्त, जेवायच्या आत पोरांनी घरागणिक हिशोब लावला, वरच्या आळीतली कुठली घरं फुटली ते पण. गावात शिरल्यावर मिरवणूक मुद्दाम काकूंच्या दारावरनं घ्यायचं चाललं होतं, फटाक्याची माळ पण तयार होती. मी गाडीतनं उतरून सरळ मारुतीच्या पाराकडं चालत सुटले, मग काय, सगळ्यांना मागं यावंच लागलं.

भाषण दिरानं लिहून दिलेलं. त्यात होतं, "ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही आभार." लिहिताना बरं वाटतं हो, पण माईकवर नुसतं "ज्यांनी मत दिलं नाही" म्हटलं तोच मागनं शिट्ट्या आल्या आणि वरच्या आळीच्या दोन बायका पदर सावरून उठायला लागल्या. टोमणाच वाटला त्यांना. मला कुणी जिंकून असं म्हटलं असतं तर मीही उठले असते.

कागद घडी घातला. म्हटलं, "बसा ना मावशी. काकूंना मत दिलं ते काहीतरी बघूनच दिलं असणार. काकू प्रचारात बोलल्या की वरच्या आळीला पाणी पोचत नाही, ते खरंय. मी त्यावर बोलले नव्हते, माझ्या दारात पाणी येतं म्हणून." हे बोलले आणि आमच्याच पोरांचे चेहरे पडले. शिट्ट्या मात्र थांबल्या.

मग पाण्याचंच बोलत बसले. वॉल एकच, तो सोडला की खालचे सगळे नळ एकदम चालू, वर नुसती हवा येते. आधी खालचे नळ बंद ठेवून वरची आळी अर्धा तास, मग खालची, असं करून बघू म्हटलं. खालनं लगेच आवाज आला, "मग आमचं काय?" त्यांनीच तर मला निवडून दिलंय! आभाराचं भाषण असं भांडणावर संपलं, नंतर पेढे वाटले.

दिराला राग आलाय, म्हणतो पहिल्याच दिवशी स्वतःची मतं घालवलीस. असेल. फटाक्याची पावती मात्र त्याच्याकडनं मागून घेतली, तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाय.

काकू पाराकडं आल्या नाहीत. पेढे मीच नेऊन दिले, दार त्यांच्या सुनेनं उघडलं, डबा घेतला, "बसा" म्हणाली नाही. डबा अजून परत आला नाहीये.

सकाळी सहाला पाणी सोडणाऱ्याबरोबर वॉलपाशी जायचंय. झोपते.