नरकासुराच्या पोटातले फटाके आणि आमच्या सोसायटीचा संदेश

फोंड्यातल्या आमच्या सोसायटीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी कुटुंबं आहेत. सेक्रेटरी म्हणून दिवाळीचा संदेश लिहायला बसलो तेव्हा एकच काळजी होती, की फटाक्यांचा मुद्दा एकाच सणावर बोट ठेवल्यासारखा वाटू नये.

म्हणून आधी नियम वाचले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्रीची वेळ आणि त्या वेळेत आवाजाचे फटाके वाजवायला बंदी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री 8 ते 10, आणि नाताळ व नववर्षासाठी रात्री 11.55 ते 12.30 अशी वेळ घालून दिली. म्हणजे बंधन सगळ्यांवरच आहे. मग मी दोन्ही सणांच्या वेळा एकाच संदेशात लिहिल्या.

खरा पेच पहाटेचा होता. आपल्याकडे गोव्यात नरकासुराचा पुतळा चतुर्दशीला उजाडण्यापूर्वी जाळतात आणि मुलं त्याच्या पोटात गवताबरोबर सुतळी बॉम्ब आणि माळा भरतात. ती वेळ तर 6 च्या आतलीच! संदेश पाठवून मुलांना अडवण्यापेक्षा आधी त्यांच्याशी बोलावं असं ठरवलं. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, वरच्या आजींना फटाक्याच्या आवाजाने धडधडतं, हे त्यांना सांगितलं. त्यातला एकजण म्हणाला, "काका, फटाके नसले तर नरकासुर जळताना मजा काय?" प्रश्न रास्त होता. शेवटी पोटात फक्त गवत आणि कागद भरायचं, पहाटे फुलबाज्या लावायच्या आणि फटाके संध्याकाळी 8 नंतर वाजवायचे, असं त्यांनीच ठरवलं. त्यांचा शब्द मिळाल्यावरच मी संदेश पाठवला:

"सर्व रहिवाशांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. चतुर्दशीला सकाळी सगळ्यांनी फोव खायला खाली या, सण कुणाचाही असो. नरकासुर आपल्या मुलांनी केला आहे. तो पहाटे फटाक्यांविना जळेल. स्पीकर रात्री 10 ला बंद होईल. फटाके रात्री 8 ते 10, मोकळ्या आवारात, पार्किंगपासून लांब. हिरव्या फटाक्यांच्या खोक्यावरचं चिन्ह पाहून घ्या. नाताळ व नववर्षाला फटाके रात्री 11.55 ते 12.30. घरात आजारी, वयस्क, लहान मूल किंवा कुत्रं असेल तर मला कळवा, त्या बाजूला फटाके लावणार नाही."

शेवटच्या वाक्याचा फार उपयोग झाला. लोकांनी खरंच कळवलं, त्यामुळे फटाक्यांची जागा मागच्या गेटकडे हलवता आली. एका घरी रात्रपाळी करणारे गृहस्थ आहेत, ते सकाळी झोपतात, हे मला तेव्हाच समजलं. पहाटे नरकासुर नुसताच जळाला, आवाज झाला तो फक्त मुलांच्या आरोळ्यांचा. रात्री 10 नंतर एका बाल्कनीतून माळ लागली. मी तक्रार न लिहिता थेट दार वाजवलं. घरी आलेल्या पाहुण्यांना वेळ ठाऊक नव्हती. आता नाताळच्या संदेशात 'पाहुण्यांनाही सांगा' ही ओळ घालणार आहे.