आभार प्रदर्शन: साडेसात मिनिटांचं तीन मिनिटांवर कसं आणलं

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासिका तत्त्वावर. आमच्याकडं पाणीप्रश्नावर एक दिवसाचं सेमिनार होतं, आणि उद्घाटन सत्राचं आभार प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. कामून तर म्हणे मॅडमचा आवाज चांगला आहे. दोन रात्री बसून पाठपोट दोन पानं लिहिली, 41 नावं, आणि लई भारी झालंय असं वाटून आमच्या रिटायर्ड मॅडमकडं दाखवायला नेलं.

मॅडमनी कागद हातात घेतलाच नाही, म्हणल्या उभी राहा अन् वाच, मी मोबाईलवर टाइम लावते. साडेसात मिनिटं! मग पेन्सिलनं ‘मनःपूर्वक’ला गोल करायला लावलं, चौदा गोल झाले. ‘आभार मानून उतराई न होता मी त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करते’ हे वाक्य तर तिघांसाठी होतं. मॅडम म्हणल्या, "अगं, किती जणांच्या ऋणात राहशील?"

नावांच्या क्रमाचं खरं टेन्शन होतं. मी अध्यक्ष, मग आमचे प्राचार्य, मग पाहुणे असं लिहिलेलं, कारण प्राचार्य आपले. मॅडमचं म्हणणं असं की घरच्या माणसाला पाहुण्याच्या आधी वाढत नसतेत. क्रम स्वतःच्या डोक्यानं लावायचाच नाही, छापलेल्या पत्रिकेत आहे तोच घ्यायचा, म्हणजे कुणी रुसलं तर पत्रिका पुढं करता येते. आमच्या पत्रिकेत अध्यक्ष म्हणून संस्थेचे सचिव, मग उद्घाटक, मग बीजभाषक, मग प्राचार्य, शेवटी समन्वयक. पण पत्रिका आठ दिवस आधी छापलेली असते अन् त्या दिवशी स्टेजवर कोण बसलंय ते वेगळंच असतंय, म्हणून कार्यक्रम सुरू झाल्यावर खुर्च्यांकडं बघून कागदावर टिक करायची. जो आलाच नाही त्याच्या ‘उपस्थितीबद्दल’ आभार मानले की सगळा हॉल हसतो. आडनावाचा उच्चार अन् डॉ. की प्रा. हे आधीच फोन करून विचारून घ्यायचं.

लांबीसाठी त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे काम आत्तापर्यंत झालंय का? मी तर जेवणवाल्यांचे आभार सकाळी साडेअकरालाच मानत होते! जेवण, प्रमाणपत्रं, पेपर वाचणारे, सत्राध्यक्ष हे सगळे समारोपाच्या आभाराला ढकलले. स्टाफची वेगवेगळी नावं काढून ‘स्वागत समिती’, ‘नोंदणी समिती’ असं केलं. 41 ची 11 नावं राहिली. मी सावकाश बोलते, मिनिटाला शंभरेक शब्द, म्हणून तीनशेच्या वर लिहायचं नाही असं ठरलं.

पण मला खरं शिकायला मिळालं ते पुढं. बीजभाषकांसाठी मी ‘आपल्या अमोघ वाणीतून अनमोल मार्गदर्शन केलं’ असं लिहिलेलं, भाषण व्हायच्या चार दिवस आधी. मॅडमनी ते खोडलं अन् तिथं दोन ओळी कोऱ्या सोडायला लावल्या. भाषण ऐकताना भरायच्या म्हणे.

त्या दिवशी सर 2016 च्या पाण्याच्या रेल्वेवर बोलले, मिरजेहून लातूरला आलेली, पहिल्या खेपेला 10 वॅगन, एकेकीत साधारण 50 हजार लिटर, म्हणजे पाच लाख. मी ते ऐकत ऐकतच कोऱ्या जागेत खरडलं, आणि माईकवर म्हणलं, "सरांनी त्या दहा वॅगनचा हिशोब मांडला तेव्हा मला आमच्या दारातली घागरींची रांग आठवली. ती रेल्वे आम्ही बातमीत बघितली होती, सरांनी आज तिचा हिशोब शिकवला, सर, आभारी आहे." बास, एवढंच. सरांनी मान वर करून बघितलं, तोवर ते मोबाईलमध्ये होते.

गडबड झाली ती वेगळीच. उद्घाटक साहेबांना मिटिंग होती, ते माझ्या आधीच उठून गेले अन् मी रिकाम्या खुर्चीकडं बघून ‘आपण आलात’ म्हणायला लागले. मधीच सावरून ‘साहेब आले, कार्यक्रमाला वेळ दिला’ असं केलं. आता मी कागदावर आपण अन् ते, दोन्ही रूपं लिहून ठेवते.

शेवटी तेवढ्यात लाईट गेली, तर जनरेटर चालू करणाऱ्या शिपाई मामांचं नाव न लिहिता घेतलं. सगळ्यात जास्त टाळ्या तिथं पडल्या, सचिव साहेबांपेक्षा जास्त, आणि ते माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याबी आलं असणार. घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद, मग राष्ट्रगीत, मग चहा.