कोम्बुचातलं अल्कोहोल अर्ध्या टक्क्याखाली ठेवताना

घरच्या कोम्बुचात, म्हणजे आंबवलेल्या गोड चहात, अल्कोहोल असतं का, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: असतंच. किती असतं, हे मात्र करणाऱ्याच्या हातात असतं. भारतात 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य मानलं जातं, म्हणून मीही तीच रेषा धरून चालतो.

माझं प्रमाण लिटरमागे 70 ग्रॅम साखर, 6 ग्रॅम काळा चहा आणि आधीच्या घाण्यातलं 150 मिली आंबट पाणी. चहा कोमट झाल्यावरच त्यात यीस्ट आणि जिवाणूंची चकती सोडतो. बरणी रुंद तोंडाची घेतो आणि वर सुती कापड बांधतो. कारण चकतीत दोन कामकरी असतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. जिवाणूंना त्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो, यीस्टला लागत नाही. उघड्या बरणीत दोघांचं काम बरोबरीनं चालतं, म्हणून अल्कोहोल फार साठत नाही.

गडबड होते ती फेसासाठी बाटली बंद केल्यावर. आत हवा उरत नाही, जिवाणू थांबतात, यीस्ट मात्र चालूच राहतं. 500 मिलीच्या बाटलीत 50 ग्रॅम आंब्याचा रस घातला, तर त्यात साधारण 7 ग्रॅम साखर जाते. यीस्टनं ती सगळी खाल्ली तर साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे साडेचार मिली अल्कोहोल तयार होतं. नुसत्या आंब्यानेच 0.9 टक्के झाले. मूळ पेयातली उरलेली साखर यात धरलेलीच नाही! 2010 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून कोम्बुचाच्या बाटल्या काढून घेतल्या गेल्या, त्यामागेही बाटलीत वाढणाऱ्या अल्कोहोलचीच शंका होती.

म्हणून बाटली भरताना मी तळाचा तपकिरी गाळ मागे ठेवतो, कारण यीस्ट तिथेच जास्त असतं. आंब्याऐवजी आल्याचे काप घालतो आणि हवा तेवढा फेस आला की लगेच फ्रिजमध्ये ठेवतो. थंडीत यीस्ट मंदावतं, मरत नाही. बाटली बाहेर राहिली की पुन्हा सुरू होतं. फेस हीच खूण समजा: यीस्ट जेवढा वायू सोडतं, जवळपास तेवढ्याच वजनाचं अल्कोहोल करतं.

हायड्रोमीटरवर मात्र विसंबू नका. अल्कोहोल घनता कमी करतं, साखर आणि आम्लं ती वाढवतात, त्यामुळे आकडा फसवा येतो. नेमकं हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला द्यावा, आणि तिथे पोहोचेपर्यंत तो बर्फात ठेवावा. नाहीतर वाटेतच अल्कोहोल वाढतं. गरोदर बाईला, लहान मुलांना किंवा दारू सोडलेल्या माणसाला मी घरचा कोम्बुचा देत नाही, उघड्या बरणीतलाही नाही.